बाळंतपणानंतरची शुगर: बेचाळिसाव्या दिवसाची राहून जाणारी चाचणी

गरोदरपणात वाढलेली शुगर बाळंतपण झाल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. वार पडली की हा अडसर दूर होतो, गोळ्या किंवा इंजेक्शन बंद होतं आणि बाळंतिणीला सुट्टी मिळते. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’ म्हणतात, अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’. दोन्हीकडून आई-बाळाला घेऊन निघालेल्या घरच्यांचं समाधान सारखंच असतं: बाळंतपण झालं, शुगरही गेली.

वैद्यकाला ही दुसरी गोष्ट मान्य नाही. अशा आईची दीड महिन्याने पुन्हा तपासणी व्हावी आणि पुढे आयुष्यभर ठरावीक अंतराने होत राहावी, यावर जगभरच्या संस्थांचं एकमत आहे. वाद आहेत ते वेगळे. चाचणी कोणती घ्यायची, कधी, कुणी, तिच्यातून काय साधतं, आणि बाळाचं काय? वऱ्हाडातली परिस्थिती समोर ठेवून या प्रश्नांचा हा आढावा.

चाचणीचा जन्म

आज गरोदरपणातली शुगर तपासली जाते ती मुख्यतः बाळासाठी. बाळ फार मोठं होऊ नये, प्रसूती अडू नये, जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम उतरू नये, हे हेतू. या चाचणीची सुरुवात मात्र आईसाठी झाली होती. बोस्टनमध्ये ओ’सलिव्हन आणि माहन यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना १०० ग्रॅम ग्लुकोज पाजून तीन तास रक्त तपासलं, त्यावरून मर्यादा ठरवल्या आणि १९६४ साली त्या प्रसिद्ध केल्या. या मर्यादा ओलांडणाऱ्या स्त्रीला पुढच्या काही वर्षांत मधुमेह होतो का, या कसोटीवर त्या तपासून पाहिल्या होत्या. आईचं भविष्य ओळखणं हेच चाचणीचं मूळ काम होतं.

रोख बदलला तो पुढे. नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार गरोदर स्त्रियांचा ‘हापो’ हा अभ्यास २००८ साली आला. आईची शुगर जसजशी वाढते तसतसा बाळाचा धोका वाढतो आणि मध्ये कुठेही ‘इथपर्यंत सुरक्षित’ अशी रेघ नाही, असं त्यातून दिसलं. रेघ तर ओढायलाच हवी, म्हणून २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने ती बाळाच्या धोक्यावरून ओढली: उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हीच मोजमापं घेतली.

भारताने वेगळी वाट धरली. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेली पद्धत केंद्र सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारली आणि २०१८ मध्ये त्या सुधारून पुन्हा काढल्या. बाई जेवून आलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज तीनशे मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत पाजायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचं. १४० किंवा त्यापुढे आकडा आला तर गरोदरपणातला मधुमेह. पहिली चाचणी पहिल्याच भेटीत, दुसरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. टीकाकार म्हणतात, उपाशीपोटी वाढणारी शुगर यात निसटते आणि आंतरराष्ट्रीय मोजमापांत बसणाऱ्या पुष्कळ स्त्रिया सुटतात. समर्थकांचं उत्तर असं की, धारणीहून दोन गाड्या बदलून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हटलं तर ती उद्या येत नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या विषयापुरतं लक्षात ठेवायचं ते इतकंच की, ‘गरोदरपणात शुगर होती’ हा शिक्का बसणं न बसणं काही अंशी चाचणीवर अवलंबून असतं.

आईचा धोका किती

या मुद्द्यावर फारसा वाद उरलेला नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात अशा स्त्रियांना पुढे टाइप दोन मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सातपटीहून थोडी अधिक निघाली. २०२० साली ‘बीएमजे’मधल्या मोठ्या विश्लेषणात ती दहापटीच्या जवळ गेली. आपल्याजवळचा पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने अशा स्त्रिया बाळंतपणानंतर साडेचार वर्षांच्या सुमारास तपासल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास स्त्रियांना मधुमेह झालेला होता. एका शहरातल्या एका रुग्णालयाचा आकडा साऱ्या महाराष्ट्राला लावता येणार नाही, पण भारतीय स्त्रीच्या बाबतीत हे फार वेगाने घडू शकतं याची खूण म्हणून तो गंभीर आहे.

असं का होतं, याचं उत्तर गरोदरपणातच दडलेलं आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात शरीर इन्सुलिनला फारसं जुमानत नाही तेव्हा स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट काम करावं लागतं. बहुतेक स्त्रियांचं स्वादुपिंड ते निभावून नेतं. ज्यांचं नेत नाही त्यांची क्षमता आधीपासूनच काठावर असते आणि गरोदरपण ती उघड करतं. बाळंतपणानंतर भार उतरतो, म्हणून आकडे सुधारतात. क्षमता मात्र काठावरच राहते. पुढे वजन वाढलं, वय वाढलं, आणखी एक गरोदरपण आलं की तोल जातो. धोका पहिल्या पाच वर्षांत सर्वांत झपाट्याने वाढतो, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आणि या पाच वर्षांतच दुसरं मूल होतं. पुढच्या गरोदरपणात शुगर पुन्हा वाढण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास धरतात. त्याहून वाईट शक्यता म्हणजे मधल्या काळात खरा मधुमेह झालेला असतो आणि कुणाला माहीत नसतं. बाळाचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. बाई नाव नोंदवायला उपकेंद्रावर येते तेव्हा ते काम बहुधा उरकलेलं असतं. त्या आठवड्यांत शुगर फार वाढलेली असेल तर जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो, आणि नंतर कितीही चांगले उपचार केले तरी ते भरून निघत नाही. म्हणून बाळंतपणानंतरची चाचणी ही एका अर्थी पुढच्या बाळाची पहिली तपासणी असते.

कोणती चाचणी

इथून मतभेद सुरू होतात. अमेरिकन डायबिटीज असोसिएशन चौथ्या ते बाराव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी सांगते आणि ती ठीक आली तरी पुढे एक ते तीन वर्षांनी तपासणी, आयुष्यभर. ब्रिटनमधल्या सूचना सहाव्या ते तेराव्या आठवड्यात नुसत्या उपाशीपोटीच्या शुगरवर समाधान मानतात आणि पुढे दरवर्षी ‘एचबीएवनसी’, म्हणजे बोलीत ‘तीन महिन्यांची शुगर’, तपासायला सांगतात. भारताच्या सूचना सहाव्या आठवड्यात ७५ ग्रॅमची चाचणी सांगतात.

उपाशीपोटीची चाचणी सोपी: एकदा सुई, पाच मिनिटं, घरी. बाई यायला तयार होते. तिच्यात काय निसटतं हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातले आकडे नेहमी दिसतात तसेच आहेत.

दर्यापूरकडची चोवीस वर्षांची मुलगी, सासर मूर्तिजापूर तालुक्यात, वजन बेताचं, वडिलांना शुगर. दहाव्या आठवड्यात ग्लुकोज पाजून आकडा आला ११८. सव्विसाव्या आठवड्यात १५२. पथ्य सांगितलं, दोन आठवड्यांनी जेवणानंतरची शुगर १२० च्या आत आली, औषध लागलं नाही. सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माहेरी गेली. मुलगी झाली, वजन तीन किलो. बेचाळिसाव्या दिवसानंतर कुणीतरी तिची उपाशीपोटी शुगर पाहिली: ९६. शंभराच्या आत, म्हणजे ठीक. नुसती हीच चाचणी झाली असती तर कागद इथे मिटला असता. पण ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी रक्त घेतलं तेव्हा आकडा आला १६८. दोन तासांची पातळी १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा पुढे म्हणजे मधुमेह. ही मुलगी उंबरठ्यावर आहे. दक्षिण आशियाई माणसांत उपाशीपोटी ठीक आणि ग्लुकोजनंतर बिघडलेली शुगर, ही जोडी अगदी नेहमीची आहे. म्हणून सोय म्हणून उपाशीपोटीची चाचणी स्वीकारायची असेल, तर काय सोडतो आहोत ते माहीत असलेलं बरं.

‘तीन महिन्यांच्या शुगर’ला ना उपास लागतो ना दोन तासांची बैठक. पण बाळंतिणीत ती भरवशाची नाही. ही चाचणी लाल पेशींवर चढलेली साखर मोजते, म्हणजे लाल पेशी किती दिवस जगतात यावर तिचा आकडा हलतो. बाळंतपणात रक्त जातं, नव्या कोवळ्या पेशी येतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. लोह कमी असेल तर तो उलट वाढलेला दिसू शकतो. आपल्याकडच्या बाळंतिणीत या दोन्ही गोष्टी एकदम असतात. विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. मेळघाटच्या कोरकूंत आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत हा दोष मोठ्या प्रमाणात आहे. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा फसवा येतो, आणि काही यंत्रांचं मोजमाप नुसत्या वाहक असण्यानेही चुकतं. लंडनमध्ये सोयीची ठरणारी चाचणी चिखलदऱ्यात निरुपयोगी ठरू शकते ती अशी.

ग्लुकोजची चाचणी चांगली असली तरी ती नीट व्हायला हवी. ग्लुकोज डोळ्यांच्या अंदाजाने चमच्यांनी घातलं, बाई मधल्या वेळात बाजारात जाऊन आली, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तरी चाचणी पुढे रेटली, असं झालं की आकडा बिनकामाचा. सर्वांत न कळणारी चूक नळीत होते. रक्त काढल्यावरही पेशी त्यातली साखर खात राहतात, साधारण तासाला पाच ते सात टक्के, आणि उष्णतेत त्याहून वेगाने. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना उपकेंद्रावर काढलेली नळी दोन तासांनी प्रयोगशाळेत पोचली, तर खरा १४५ चा आकडा १२५ च्या आसपास येऊ शकतो आणि उंबरठ्यावरची बाई कागदावर निरोगी ठरते. फ्लोराइडची, राखी बुचाची नळी ही घट थांबवते, पण तिचाही परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. म्हणून जागच्या जागी चांगल्या, तपासून घेतलेल्या ग्लुकोमीटरवर आकडा घेणं, किंवा नळी बर्फात ठेवून लगेच पुढे पाठवणं, हेच दोन मार्ग. एका भागातल्या सगळ्याच बाळंतिणींचे निकाल उन्हाळ्यात छान आणि हिवाळ्यात बिघडलेले येऊ लागले, तर आधी वाहतुकीकडे पाहावं.

सव्वा महिना आणि बेचाळिसावा दिवस

बाळंतपणानंतर चाचणीला परत न येणं हे एकट्या वऱ्हाडाचं दुखणं नाही. श्रीमंत देशांतही निम्म्याहून अधिक स्त्रिया परत येत नाहीत असं अनेक ठिकाणी दिसलं आहे. इथली कारणं मात्र इथली आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदलं सासरच्या उपकेंद्रात, शुगर सापडली तिथे, पथ्य सांगितलं तिथल्या नर्सबाईंनी. बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. सासरच्या आशाताईंच्या यादीत ती ‘माहेरी गेली’ असते, माहेरच्या आशाताईंना तिच्या शुगरची कल्पना नसते. दोघींना जोडणारं एकच साधन असतं, माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर शुगरचा आकडा लिहिलेला असला आणि तो कुणी वाचला, तरच धागा टिकतो.

दुसरं कारण खुराकाचं. डिंकाचे, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, तुपातला शिरा. बाळंतिणीला हे सगळं मायेने खाऊ घालतात, आणि त्यात ‘साखर तपासायची आहे’ हा शब्द घरात कुणाला रुचत नाही. मेथी आणि अळीव यांना दोष नाही. प्रश्न त्यांच्याबरोबर रोज पोटात जाणाऱ्या गूळ-साखरेच्या मापाचा आहे. तिसरं कारण साधं पैशाचं: दोन तास बसायचं, बाळ सोबत, कुणीतरी बरोबर हवं, म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत दोन मजुऱ्या बुडाल्या.

याच्या उलट बाजूला एक जमून आलेली गोष्ट आहे. सव्वा महिना पुरा झाला की बाळंतीण घराबाहेर पडते. आशाताईंच्या घरभेटींतली शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसी, पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल, त्याच आठवड्यात असतात. त्या लसींसाठी घरचे बाळाला आठवणीने आणतात. आईची चाचणी नेमकी याच आठवड्यात सांगितलेली आहे. तीन कामं एका दिवसावर येत असताना त्यांतलं एकच राहून जातं, याचं कारण लसीकरणाच्या नोंदवहीत आईच्या शुगरचा रकाना नसतो. अनेक तज्ज्ञ म्हणतात की लसीकरणाच्या दिवसालाच चाचणी जोडा. अडचण एक राहते. लसीकरण सकाळी दहाच्या पुढे रंगतं आणि चाचणीला आई रात्रीपासून उपाशी हवी. दूध पाजणाऱ्या बाईला अकरापर्यंत उपाशी ठेवणं क्रूरच. त्यामुळे आधी चाचणी, मग लस, असा क्रम लावावा लागतो: आठला ग्लुकोज, दहाला रक्त, नंतर बाळाची सुई आणि आईचा डबा. मधल्या दोन तासांत बाळाला पाजायला हरकत नाही. त्याने आकडा किंचित कमी येतो, एवढंच.

दुसरा प्रस्ताव याहून धीट आहे: बाई दवाखान्यातून जायच्या आतच चाचणी उरका. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी घेतलेली ग्लुकोजची चाचणी वर्षभरानंतरच्या मधुमेहाचं भाकीत करण्यात दीड-तीन महिन्यांच्या चाचणीइतकीच उपयोगी निघाली. आपल्या राष्ट्रीय सूचनांतही तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर पाहावी आणि त्यासाठी अशा आईला अठ्ठेचाळीस तासांत सोडू नये, असं म्हटलं आहे. विरोधी मतही वजनदार आहे. प्रसूतीचा ताण, सलाइनमधलं डेक्स्ट्रोज, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला दिलेलं स्टेरॉइड, या सगळ्यांनी त्या दिवसांत शुगर वर जाते आणि निष्कारण घाबरवणारे निकाल येतात. माझं मत असं की, जी बाई परत येणार नाही हे जवळपास नक्की आहे तिच्यासाठी दुसऱ्या दिवसाचा निकाल काहीच नसण्यापेक्षा बरा. पण तो हातात आल्यावर ‘आता सहाव्या आठवड्याची गरज नाही’ असं तिला सांगणं आज कुठल्याच पुराव्यावर बसत नाही.

बाळाचं काय

आईकडून मूल मधुमेहाचा कल घेतं हे सर्वांना माहीत आहे. वाद असा की, तो रक्ताच्या नात्यातून येतो की गर्भात भोगलेल्या साखरेतून? या वादात सर्वांत नेमका पुरावा अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या पिमा आदिवासींचा आहे. तिथे एकाच आईची मुलं तपासली: काही आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. आईबाप तेच, घर तेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नंतर जन्मलेल्या भावंडांना मधुमेहाची शक्यता आधीच्यांच्या जवळपास पावणेचारपट होती. बापाच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. म्हणजे वारसा आहेच, पण गर्भातली साखर त्यावर स्वतःचा हिस्सा चढवते.

‘हापो’मधल्या मुलांचा पुढचा पाठपुरावा दहा ते चौदा वर्षांच्या वयात झाला आणि २०१८ मध्ये निकाल येऊ लागले. ज्या आयांना गरोदरपणात उपचाराविना शुगर होती, त्यांतल्या निम्म्यांहून अधिक जणींचा साखरेचा कारभार या वयापर्यंत बिघडलेला होता. इतर आयांत हे प्रमाण पाचातली एक. त्यांच्या मुलांतही ग्लुकोज पचवण्यातला बिघाड अधिक दिसला. पण याच ठिकाणी एक अडचणीचा निकाल आहे. गरोदरपणातल्या सौम्य शुगरवर उपचार केल्याने जन्मवेळच्या अडचणी कमी होतात हे २००५ आणि २००९ च्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. त्या मुलांना काही वर्षांनी तपासलं तेव्हा उपचार केलेल्या आणि न केलेल्या गटांत स्थूलतेचा म्हणावा तसा फरक आढळला नाही. म्हणजे गर्भातला धोका खरा असला, तरी अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरच्या उपचाराने तो पुसला जातो हे सिद्ध झालेलं नाही. कदाचित उपचार उशिरा सुरू होतो, कदाचित मुलांना आणखी मोठं होऊ द्यायला हवं; दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

मूल तपासायचं की नाही, यावर अमेरिकन सूचना म्हणते: दहाव्या वर्षापासून किंवा वयात येताना, मूल जाड असेल आणि आईला गरोदरपणात मधुमेह असेल तर तपासा. ‘जाड असेल’ या अटीवर भारतात हरकत घेतली जाते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासाने दाखवलं की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते. स्नायू कमी पडतात. वरून हडकुळं, आतून चरबीचं. असं मूल वजनाच्या तक्त्यावर कधीच ‘जाड’ ठरत नाही. म्हणून परदेशी अट जशीच्या तशी लावली तर मेळघाटातलं मूल चाळणीतून सुटेल. उलट प्रत्येक अशा मुलाला सरसकट सुया टोचाव्यात, इतका पुरावाही नाही. मधला, आजपुरता वाजवी मार्ग एवढाच की आईच्या गरोदरपणातल्या शुगरची नोंद मुलाच्या कागदावर राहावी, त्याचं वजन आणि उंची पाहिली जात राहावी, आणि वयात येताना पोट सुटू लागलं किंवा मानेवर काळपट जाड पट्टा दिसला तर चाचणी करावी.

निकाल आल्यावर

उंबरठ्यावर असलेल्या आईने काय करायचं, यावरचा सर्वांत आशादायक पुरावा अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीतून आला. तीत ज्यांना पूर्वी गरोदरपणात शुगर होती अशा स्त्रियांत आहार-व्यायामाचा शिस्तबद्ध कार्यक्रम आणि मेटफॉर्मिन या दोन्हींनी मधुमेहाची शक्यता जवळपास निम्म्याने घटवली. पण त्या बायकांचं बाळंतपण होऊन सरासरी दहा-बारा वर्षं उलटली होती, आणि त्या जाड होत्या. भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या शहरी रुग्णालयांत ‘लिव्हिंग’ नावाची चाचणी झाली तेव्हा बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षातल्या सोळाशे स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना साधा, परवडणारा जीवनशैलीचा कार्यक्रम दिला. २०२२ मध्ये निकाल आला: कार्यक्रम घेतलेल्या गटात २५.५ टक्के स्त्रियांची शुगर आणखी बिघडली, न घेतलेल्या गटात २७.१ टक्के. म्हणण्यासारखा फरक नाही. काहींच्या मते करोनाकाळ आड आला, काहींच्या मते कार्यक्रम तुटपुंजा होता. तान्हं बाळ मांडीवर असलेल्या बाईकडून रोज पाऊण तास चालण्याची अपेक्षा करणारी योजना आखणाऱ्याने एकदा बाळंतिणीचा दिवस पाहायला हवा होता, असंही म्हणता येईल.

अंगावर पाजण्याबाबत चित्र बरं आहे. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात अधिक प्रमाणात आणि अधिक महिने पाजणाऱ्या स्त्रियांत पहिल्या दोन वर्षांतला मधुमेह लक्षणीय कमी आढळला. हा अभ्यास प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं, त्यामुळे कारण-परिणामाची खात्री देता येत नाही. पण वऱ्हाडातल्या आईला हा सल्ला नव्याने पाळावा लागत नाही.

न सुटलेलं

सगळ्यात मोठं कोडं संशोधनातलं नाही, वयाच्या रेघेतलं आहे. सरकारी कार्यक्रमात मधुमेहाची घरोघर तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू होते. त्यासाठी आशाताई जो तक्ता भरतात त्यात वय, कंबर, तंबाखू, दारू, श्रम आणि घरातला मधुमेह यांवरून गुण मिळतात. ‘गरोदरपणात शुगर होती का’ हा प्रश्न गुणांत धरलेला नाही. बावीस-चोविसाव्या वर्षी शुगर सापडलेली मुलगी बाळंतपणानंतर माता-आरोग्याच्या यादीतून बाहेर पडते आणि मधुमेहाच्या यादीत येईपर्यंत सहा ते आठ वर्षं कुणाच्याच यादीत नसते. धोका सर्वांत वेगाने वाढणारी पाच वर्षं याच पोकळीत जातात. सूचनांत अशा आईला असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात जोडायला सांगितलं आहे; जोडणी कुठल्या रजिस्टरमधून कुठल्या रजिस्टरमध्ये, कुणाच्या सहीने, हे जिल्ह्याने ठरवायचं असतं.

तोवर ज्या घरात असं बाळंतपण झालं आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. कार्डावर शुगरचा आकडा आहे का पाहून ते कार्ड बाळाच्या लसीच्या कागदासोबत ठेवावं. दीड महिन्याच्या डोसाला जाताना उपकेंद्रावर ग्लुकोजच्या दोन तासांच्या चाचणीची आठवण द्यावी, आणि चाचणी ठीक आली तरी दरवर्षी ती करून घ्यावी, दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर त्याआधी नक्की. ज्यांच्या बाळंतपणाला पाच-दहा वर्षं होऊन गेली आणि चाचणी राहूनच गेली, त्यांनी ती या महिन्यात करावी. सहावा आठवडा हुकला म्हणून चाचणी बाद होत नाही.